बीपच्या आजूबाजूचे ईसीजीचे तुकडे कापले, पण सरासरी सपाट येते

अनुजा_गंगापूररोड · रविवार, रात्री 9:40

नमस्कार. मी नाशिकला ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अचानक आवाज आल्यावर पुढच्या काही सेकंदांत हृदयाच्या ठोक्यांत काय फरक पडतो, हे बघणं हा आमचा प्रोजेक्ट आहे. एडी8232 चा बोर्ड अर्डुइनो उनोला जोडला आहे आणि वाचन यूएसबीतून लॅपटॉपवर येतं. मैत्रिणीला 40 मिनिटं शांत बसवलं. लॅपटॉपने दर मिनिटाला एक बीप वाजवली, एकूण 39. प्रत्येक बीपची वेळ रेकॉर्डिंगच्या सुरुवातीपासूनच्या सेकंदांत वेगळ्या फाइलमध्ये लिहिली आहे. अर्डुइनोत `delay(4)` ठेवलं आहे, म्हणजे सेकंदाला 250 वाचनं.

बीपच्या आधीची 5 सेकंद आणि नंतरची 15 सेकंद असे तुकडे कापले:

```python
for m in marks:
    i = int(m * 250)
    w.append(x[i-1250 : i+3750])
avg = np.stack(w).mean(axis=0)
```

`np.stack` ने आधी `all input arrays must have the same shape` अशी चूक दिली. बघितलं तर शेवटचा तुकडा 4250 वाचनांचा निघाला, बाकी सगळे 5000 चे. त्याला शेवटी शून्यं जोडली. चूक गेली, पण सरासरी काढल्यावर जवळजवळ सरळ रेघ येते. एकही ठोका दिसत नाही. एकेक तुकडा काढून बघितला तर त्यात ठोके एकदम स्वच्छ आहेत. गुरुवारी मार्गदर्शक मॅडमना दाखवायचंय. कुठे चुकतंय?

सातपूरकर · रविवार, रात्री 10:15

अनुजा, मी सातपूर एमआयडीसीत मशीनच्या कंपनांचं काम बघतो. स्पिंडल सुरू झाल्याच्या खुणेभोवतीचे असेच तुकडे आम्ही काढतो. शून्यं जोडू नकोस. ईसीजीची पायारेषा तुझ्या आकड्यांत शून्याच्या बरीच वर असणार, तिथे एकदम शून्य आलं की खोटी पायरी तयार होते. रेकॉर्डिंगच्या टोकाशी जो तुकडा पूर्ण बसत नाही तो सरळ टाकून द्यायचा. 39 पैकी एक गेल्याने काही बिघडत नाही. तुझा प्रश्न तिथेच आहे असं वाटतं.

पाथर्डीफाटा_विनय · रविवार, रात्री 10:32

टोकावरून एक सांगतो. शेवटच्या टोकाला निदान चूक तरी दिसते, सुरुवातीच्या टोकाला पायथन फसवतो. एमआयटी-बीआयएच या ईसीजी रेकॉर्डिंगच्या संचातलं 100 नंबरचं रेकॉर्ड घ्या. सेकंदाला 360 वाचनं, एकूण 6,50,000. त्यातला पहिला ठोका 77 व्या वाचनावर आहे. आधीची 90 वाचनं मागितली की सुरुवात उणे 13 होते. पायथन उणे आकडा शेवटाकडून मोजतो, त्यामुळे हातात रिकामा तुकडा येतो आणि कसलीही तक्रार होत नाही. कापण्याआधी दोन्ही टोकं तपासायची:

```python
a, b = i - pre, i + post
if a < 0 or b > len(x):
    continue
```

लयवेध · रविवार, रात्री 11:05

सातपूरकर आणि विनय, दोघांचंही म्हणणं खरं आहे. पण तो तुकडा टाकून देण्याआधी थांबा. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

अनुजा, शेवटची बीप 2340 व्या सेकंदाला. त्यात 15 मिळवले तर 2355. रेकॉर्डिंग 40 मिनिटांचं, म्हणजे 2400 सेकंदांचं. तुकडा संपल्यावरही 45 सेकंदांचा सिग्नल शिल्लक राहायला हवा. मग हा तुकडा अपुरा पडलाच कसा?

फाइलमध्ये ओळी किती आहेत ते सांग. आणि सुरुवातीची वेळ कधी धरलीस, पोर्ट उघडताना की पहिली ओळ आल्यावर? पोर्ट उघडला की उनो नव्याने सुरू होतो आणि त्यात दीड-दोन सेकंद जातात.

अनुजा_गंगापूररोड · सोमवार, सकाळी 7:20

सर, ओळी 5,88,000 आहेत. मी 6,00,000 धरून चालले होते. सुरुवातीची वेळ पहिली ओळ आल्यावर घेतली आहे आणि शेवटची ओळ 2400 व्या सेकंदाला आली.

लयवेध · सोमवार, सकाळी 8:10

मग तुझा वेग 250 नाही, 245 आहे. `delay(4)` चा अर्थ "दर 4 मिलिसेकंदांनी वाच" असा होत नाही. "वाच, पाठव आणि मग 4 मिलिसेकंद थांब" असा होतो. वाचायला आणि पाठवायला लागणारा वेळ त्यात दर वेळी वर पडतो. तुझ्या बाबतीत एक फेरी सुमारे 4.08 मिलिसेकंदांची झाली आहे.

हा फरक किरकोळ वाटतो, पण तो साठत जातो. पहिली बीप 60 व्या सेकंदाला. तू 15,000 व्या ओळीवर गेलीस, ती प्रत्यक्षात आहे 14,700 वर, म्हणजे सव्वा सेकंदाची चूक. शेवटच्या बीपला तू 5,85,000 वर गेलीस, ती आहे 5,73,300 वर. 11,700 ओळींची चूक म्हणजे जवळजवळ 48 सेकंद. तिथे तू बीपनंतरचा म्हणून जो तुकडा बघतेस, त्यात बीपचा परिणाम कधीच संपलेला असणार. मधल्या सगळ्या बीपा या दोन टोकांच्या मधे कुठेतरी घसरलेल्या आहेत.

आणि हे सगळं नजरेला दिसत नाही. चुकीच्या जागचा तुकडासुद्धा स्वच्छ ईसीजीच असतो. शेवटचा तुकडा अपुरा पडला म्हणून समजलं. दहा बीपांनंतर थांबली असतीस तर कळलंही नसतं.

सातपूरकर · सोमवार, सकाळी 8:45

मान्य. मी टोकाचीच गोष्ट धरून बसलो होतो. आमच्याकडे कार्ड ठरलेल्या घड्याळावर वाचतं, म्हणून हा प्रश्न कधी आला नाही. म्हणजे आता 250 च्या जागी 245 टाकलं की झालं?

लयवेध · सोमवार, सकाळी 9:05

वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा असेल तरच. यूएसबी अडखळून मधेच हजार ओळी गळाल्या असतील तरी सरासरी 245 च येईल, पण चूक एका जागी उडी मारल्यासारखी असेल. म्हणून मधली एखादी ओळखीची जागा हवी. अनुजा, मैत्रीण हलली, खोकली, वायर ओढली गेली, असं काही वहीत लिहिलंयस का?

मधुमालती_कॉलेजरोड · सोमवार, सकाळी 11:30

मी तांत्रिक नाही, पण हा विषय बघून राहवलं नाही. माझ्या यजमानांना मागच्या महिन्यात 24 तासांचं होल्टर लावलं होतं. धडधडलं की बटण दाबा असं सांगितलं होतं. रात्री धडधड सुरू झाली तेव्हा ते झोपेत होते. जागे होऊन बटण सापडेपर्यंत मिनिटभर तरी गेलं असेल. तुम्ही इथे सव्वा सेकंदाच्या चुकीबद्दल बोलताय. मग त्यांची ती धडधड रिपोर्टमधून सुटली असेल का? जीवाला घोर लागलाय.

लयवेध · सोमवार, दुपारी 12:10

मधुमालतीताई, नाही सुटत. होल्टर चोवीस तास सलग लिहीत असतं. बटणाने फक्त त्या वेळेवर खूण पडते, रेकॉर्डिंग त्यामुळे सुरू होत नाही. वाचणाऱ्यालाही माहीत असतं की माणूस त्रास झाल्यावर बटण दाबतो, म्हणून खुणेच्या आधीचा भाग तो मुद्दाम बघतो. शिवाय सगळ्या रेकॉर्डिंगमधले ठोके वेगळे तपासले जातातच. "बटण मिनिटभर उशिरा दाबलं होतं" एवढं डॉक्टरांना सांगा, त्याचा उपयोग होतो. रिपोर्टचा अर्थ मात्र त्यांच्याकडूनच समजून घ्या.

अनुजा, तुझ्यासाठीही यात एक गोष्ट आहे. तुझी खूण लॅपटॉपने लावलेली आहे, म्हणून आधीची 5 सेकंद पुरतात. खूण माणसाच्या हाताने लागणार असेल तर आधीचा भाग निदान मिनिटाचा घ्यावा लागेल.

मधुमालती_कॉलेजरोड · सोमवार, दुपारी 12:25

आभारी आहे भाऊ. शुक्रवारी जायचंय, तेव्हा सांगते त्यांना.

अनुजा_गंगापूररोड · सोमवार, रात्री 8:50

सर, वहीत सापडलं. "20 मि. 10 से., हात हलला" असं लिहिलं आहे. म्हणजे 1210 वा सेकंद. 250 ने गुणलं तर 3,02,500 वी ओळ येते, तिथे काहीच नाही. 245 ने 2,96,450 येते, आणि मोठा झटका दिसतो 2,96,600 च्या आसपास. फरक अर्ध्या सेकंदाच्या थोडा वर. मी भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहिलं होतं, त्यामुळे तेवढा चालेल ना? म्हणजे वेग एकसारखा होता असं धरू का?

पण खरी अडचण पुढे आहे. 245 घालून 39 तुकडे पुन्हा कापले. शेवटचा तुकडाही आता पूर्ण बसतो. तरी सरासरी तशीच सपाट आहे!

द्राक्षबाग_पिंपळगाव · सोमवार, रात्री 9:30

मी पिंपळगाव बसवंतचा, द्राक्षवाला. हृदयाचं मला कळत नाही, पण हीच चूक मी बागेत केली आहे. हवामान यंत्र दर 15 मिनिटांनी आर्द्रता आणि पानाचा ओलावा लिहितं. केवडा रोग पहिल्यांदा दिसला त्या दिवसाआधीचे 24 तास कसे होते ते बघायला मी मागच्या 96 ओळी घ्यायचो. एकदा रात्री लाईट गेली, बॅटरीही उतरलेली होती, सहा तास यंत्र बंद. माझ्या 96 ओळी प्रत्यक्षात 30 तासांवर पसरल्या आणि नेमकी ओल साचायची रात्र गायब. मी त्यावरून त्या दिवशी पानं कोरडी होती असं समजून बसलो.

आता ओळी मोजत नाही. तारीख-वेळेचा रकाना बघूनच तुकडा घेतो, आणि त्यात 96 पेक्षा कमी ओळी निघाल्या की तो बाजूला ठेवतो. भरून काढावा की टाकावा, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.

लयवेध · सोमवार, रात्री 10:20

पिंपळगावकर, तुम्ही म्हणता तोच मुद्दा आहे. तुकडा वेळेवर कापायचा असतो, ओळींवर नाही. अनुजा, पुढच्या वेळी प्रत्येक ओळीत अर्डुइनोचं `micros()` लिही. `micros()` साधारण 70 मिनिटांनी पुन्हा शून्यावर येतं, तुझी 40 त्यात बसतात. बीपसुद्धा अर्डुइनोलाच वाजवायला लाव आणि त्याच ओळीत 0 किंवा 1 चा रकाना ठेव. लॅपटॉपचं एक घड्याळ आणि अर्डुइनोचं दुसरं, हा प्रश्नच राहणार नाही. आत्ताच्या रेकॉर्डिंगला 245 पुरे. वहीतली नोंद सेकंदाच्या अंदाजाने होती, तेव्हा अर्ध्या सेकंदाची तफावत असणारच.

आता सपाट रेघ. बीप वाजली त्या क्षणी हृदय कुठे होतं? कधी ठोका नुकताच पडलेला, कधी दोन ठोक्यांच्या मधे, कधी ठोका पडायच्या बेतात. हृदय बीपची वाट बघत नाही, ते आपल्या तालात चाललेलं असतं. 39 तुकडे एकावर एक ठेवलेस की एकातलं शिखर दुसऱ्याच्या सपाट भागावर पडतं, आणि शिखर खूपच अरुंद असतं. सरासरीत ते पुसलं जाणारच. कापणं अचूक झालं तरी हेच होणार.

सातपूरकर · सोमवार, रात्री 10:40

पण सर, मेंदूच्या सिग्नलमध्ये आवाजाभोवती तुकडे कापून थेट सरासरीच काढतात ना? तिथे तर आकार छान उठून येतो. इथे का नाही? आणि प्रत्येक तुकडा थोडा सरकवून बीपनंतरचं पहिलं शिखर एका जागी आणलं तर?

लयवेध · सोमवार, रात्री 11:15

मेंदूत आवाजामुळेच नवी लाट उठते आणि ती दर वेळी आवाजानंतर ठराविक वेळाने येते. म्हणून ती टिकते आणि बाकीचं पुसलं जातं. इथे ठोका बीपमुळे पडत नाही. बीपमुळे फार तर दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं.

तुकडे सरकवून शिखरं जुळवलीस तर पहिल्या ठोक्याचा सुंदर आकार मिळेल, पण बीपची वेळ हरवेल. शिवाय पुढचे ठोके पुन्हा विस्कटतील, कारण अंतरं सारखी नसतात. ते काम वेगळं आहे. ठोक्याचा आकार बघायचा असेल तर खूण शिखरावर लावून तुकडा पाऊण सेकंदाचा घ्यायचा. बीपचा परिणाम बघायचा असेल तर खूण बीपवरच ठेवायची, पण कापायचा सिग्नल बदलायचा. आधी सगळ्या रेकॉर्डिंगमधली शिखरं शोध, अंतरावरून मिनिटाचे ठोके काढ, ते सेकंदाला चार बिंदूंच्या समान पट्टीवर बसव, आणि मग त्या रेषेतून तुकडे काप:

```python
r, _ = find_peaks(x, height=h, distance=98)
tr = r / 245
hr = 60 / np.diff(tr)
grid = np.arange(tr[1], tr[-1], 0.25)
y = np.interp(grid, tr[1:], hr)
```

98 म्हणजे 0.4 सेकंद, त्याहून जवळ दुसरं शिखर धरायचं नाही. `h` आलेखावर बघून ठरव. प्रत्येक तुकड्यातून त्याच्याच बीपआधीच्या 5 सेकंदांची सरासरी वजा कर, म्हणजे मैत्रीण हळूहळू निवांत होत गेली त्याचा परिणाम निघून जाईल.

एका ठिकाणी सांभाळ. एक शिखर सुटलं की अंतर दुप्पट होतं आणि ठोके निम्मे. 76 च्या मधे अचानक 38 दिसतं. असा एक तुकडासुद्धा 39 च्या सरासरीला एक ठोका खाली ओढतो, आणि तुला शोधायचा आहे तो परिणामही तेवढाच लहान असण्याची शक्यता आहे. सरासरीआधी सगळे तुकडे एकाच आलेखावर काढून डोळ्यांनी बघ.

अनुजा_गंगापूररोड · मंगळवार, रात्री 10:05

दिसलं!! दोन तुकड्यांत शिखरं सुटली होती आणि एक हात हलण्याच्या आसपासचा होता. तिन्ही काढले, 36 राहिले. बीपनंतर तिसऱ्या सेकंदाच्या आसपास ठोके दोनेकने खाली जातात आणि सातव्या-आठव्या सेकंदाला परत वर येतात. मला उलट वाढतील असं वाटत होतं.

दोन गोष्टी मात्र खटकतात. रेघ बीपच्या आधीच, साधारण अर्धा सेकंद, खाली वळायला लागते. आणि पहिल्या दहा बीपांची सरासरी वेगळी काढली तर घसरण मोठी, शेवटच्या दहांची जवळजवळ नाहीच.

लयवेध · मंगळवार, रात्री 10:50

आवाज फार मोठा नसेल तर सुरुवातीला ठोके मंदावणं अपेक्षितच आहे, शरीर लक्ष देऊन ऐकतं तेव्हा तसं होतं. दचकवणारा आवाज असता तर वाढले असते.

बीपच्या आधीचं वळण पट्टीवर बसवल्यामुळे आलंय. लांबलेल्या अंतराचा आकडा त्या अंतराच्या शेवटच्या शिखरावर लिहिला जातो, आणि `np.interp` आधीच्या शिखरापासून तिथपर्यंत तिरकी रेघ ओढतं. ते आधीचं शिखर बीपच्या आधीचं असलं की उतारही बीपच्या आधी सुरू होतो. एका ठोक्याएवढी ही धूसरता राहणारच. त्यामुळे "परिणाम अमुक सेकंदाला सुरू झाला" असं अर्ध्या सेकंदाच्या बारकाईने अहवालात लिहू नकोस.

शेवटच्या दहांत परिणाम विरला तो सवयीमुळे असावा. पण तुझी बीप नेमकी दर मिनिटाला होती. माणूस नकळत वाट बघायला लागतो, आणि श्वासाबरोबर ठोके वरखाली होतात ते ठराविक अंतरामुळे बीपशी जुळूनही बसू शकतात. अंतर 40 ते 80 सेकंदांत कसंही बदलतं ठेव, मग यातलं काय किती ते वेगळं करता येईल. या रेकॉर्डिंगवरून मला सांगता येणार नाही.

पाथर्डीफाटा_विनय · मंगळवार, रात्री 11:20

सर, तिरकी रेघ नकोच ना मग. प्रत्येक अंतराचा आकडा त्या अंतरभर तसाच ठेवायचा, पायऱ्यांसारखा. पट्टीवरचा प्रत्येक बिंदू ज्या अंतरात पडतो त्याचा आकडा घेईल.

लयवेध · मंगळवार, रात्री 11:40

तसंही करतात. पण बीप ज्या अंतराच्या मधे पडली ते अख्खं अंतर मग बीपच्या आधीपासूनच बदललेलं दिसतं, म्हणजे वळणाच्या जागी पायरी. मी तिरकी रेघ वापरतो, पण तुमची रीत चूक आहे असं म्हणणार नाही. अनुजा, दोन्ही करून बघ. घसरणीची खोली सारखी आली तर निश्चिंतपणे लिही.

द्राक्षबाग_पिंपळगाव · बुधवार, सकाळी 6:15

लयवेध सर, माझं राहिलंच. सहा तासांच्या खंडात आधीच्या आणि नंतरच्या आर्द्रतेमधून अशीच तिरकी रेघ ओढली तर चालेल का? लाईट रात्री 11 ला गेली होती आणि पहाटे 5 ला आली.

लयवेध · बुधवार, सकाळी 7:30

एखादी ओळ गळाली असेल तर चालेल. सहा तासांना नाही. त्या सहा तासांतच आर्द्रता चढून पानावर दव पडलं असेल आणि तुमची रेघ त्याच्या खालून सरळ निघून जाईल. शेजारच्या बागेत कुणाचं यंत्र आहे का? त्यांचे त्या रात्रीचे आकडे मिळाले तर बघा.

अनुजा_गंगापूररोड · बुधवार, रात्री 9:00

दोन्ही रीतींनी काढलं. खोली सारखीच आली, वळणाची जागा तेवढी बदलली. उद्या मॅडमना 36 तुकड्यांचा आलेख आणि 245 चा हिशेब दोन्ही दाखवते. रविवारी पुन्हा रेकॉर्डिंग आहे. बझर अर्डुइनोलाच जोडलाय, `micros()` चा रकाना टाकलाय. या वेळी बसायला दुसरी मैत्रीण आहे, कारण पहिलीला बीपची सवय झाली असेल असं वाटतं. तिला आठवडाभराने परत बसवलं तर सवय गेलेली असेल का, हे कुणाला माहीत आहे का?